अधिस्वरांमधली आखडती अंतरे आणि बंध तुटण्याची ऊर्जा

हायड्रोजन क्लोराइड वायूतून अवरक्त प्रकाश सोडला, तर काही ठरावीक जागी तो शोषला जातो. सर्वांत ठळक शोषण २८८६ प्रति सेंमी या तरंगांकाजवळ होते. एका सेंटिमीटर लांबीत प्रकाशाच्या किती लहरी मावतात ते तरंगांक सांगतो. प्रकाशकणाची ऊर्जा तरंगांकाच्या थेट प्रमाणात असते, म्हणून वर्णपटाचे अभ्यासक ऊर्जाही याच एककात मोजतात. २८८६ हा या रेणूच्या कंपनाचा मूळ स्वर. त्याच्या पुढे, लघुतरंगांच्या बाजूला, ५६६८, ८३४७, १०९२३ आणि १३३९६.५ या ठिकाणी आणखी चार शोषणे सापडतात. प्रत्येक शोषण आधीच्यापेक्षा कित्येक पटींनी फिके असते. हे त्या मूळ स्वराचे अधिस्वर. शेवटचा तर ७४६ नॅनोमीटरवर, म्हणजे दृश्य तांबड्या रंगाच्या अगदी काठावर पडतो.

ताणलेल्या तारेचे अधिस्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असतात. रेणूचे तसे नसते. २८८६ ची दुप्पट ५७७२ होते, पण पहिला अधिस्वर त्याच्या १०४ ने अलीकडेच, ५६६८ वर येतो. पुढचे अधिस्वर पटीच्या हिशेबात आणखी मागे पडत जातात. लागोपाठच्या दोन शोषणांमधले अंतर काढून शेजारी मांडले की या मागे पडण्यातली शिस्त दिसते.

| कंपनाची उडी | तरंगांक | आधीच्या शोषणापासून अंतर |
|---|---|---|
| ० ते १ | २८८६ | २८८६ |
| ० ते २ | ५६६८ | २७८२ |
| ० ते ३ | ८३४७ | २६७९ |
| ० ते ४ | १०९२३ | २५७६ |
| ० ते ५ | १३३९६.५ | २४७३.५ |

तिसऱ्या स्तंभातला आकडा दरवेळी सुमारे १०३ ने कमी होतो. ही घट बंधाच्या स्वभावातून येते. ती पुढेही अशीच चालू राहिली, तर कधीतरी अंतर शून्यावर येणार हे उघड आहे. अंतर शून्य होणे म्हणजे बंध तुटणे. म्हणूनच रेणू प्रत्यक्ष न तोडता, केवळ त्याच्या कंपनाच्या पातळ्या मोजून, तो तोडायला किती ऊर्जा लागेल याचा अंदाज बांधता येतो.

आदर्श स्प्रिंग आणि खरा बंध

दोन अणूंचा रेणू म्हणजे दोन गोळे आणि त्यांना जोडणारी स्प्रिंग, असे चित्र पाठ्यपुस्तकात सुरुवातीला असते. ही स्प्रिंग हूकचा नियम तंतोतंत पाळते असे धरले, तर ताण जितका वाढतो तितक्याच प्रमाणात मागे खेचणारे बल वाढते. अशा गतीला सरल हरात्मक गती म्हणतात. तिचा विशेष असा की, आंदोलन लहान असो वा मोठे, एका फेरीला लागणारा वेळ तोच राहतो. क्वांटम सिद्धांतानुसार अशा आंदोलकाला कोणतीही ऊर्जा घेता येत नाही. त्याच्या ऊर्जेच्या पातळ्या ठरलेल्या असतात, आणि त्या सगळ्या एकमेकींपासून सारख्याच अंतरावर असतात.

खऱ्या बंधाची स्थितिज ऊर्जा अणूंमधल्या अंतरानुसार कशी बदलते याचा आलेख काढला, तर तो दोन्ही बाजूंना सारखा चढणारा नसतो. डावीकडे, अणू एकमेकांच्या जवळ दाबले जातात तेव्हा, त्यांचे इलेक्ट्रॉन आणि केंद्रके एकमेकांना जोराने ढकलतात. तिथे आलेख जवळजवळ उभा चढतो. उजवीकडे, अणू दूर ओढले जातात तेव्हा, बंध हळूहळू सैल पडतो. खेचणारे बल आधी वाढते, मग कमी होऊ लागते, आणि पुरेशा अंतरावर जवळजवळ नाहीसे होते. आलेख तिथे आडवा होतो. हूकच्या स्प्रिंगला तुटणे ठाऊक नाही, बंधाला आहे. सरल हरात्मक गतीपासून झालेल्या या फारकतीला अहरात्मकता म्हणतात. हिच्यामुळेच रेणूला एकदम दोन, तीन किंवा अधिक पातळ्यांची उडी घेण्याची मुभा मिळते. पूर्णपणे हरात्मक असलेल्या आणि ज्याचे विद्युत ध्रुवण ताणाबरोबर सरळ प्रमाणात बदलते अशा रेणूच्या वर्णपटात अधिस्वर दिसलेच नसते.

आता पातळ्यांमधली अंतरे का आखडतात ते पाहू. रेणूला ऊर्जा मिळाली की अणूंच्या हालचालीचा पल्ला वाढतो, पण तो दोन्ही बाजूंना सारखा वाढत नाही. डावीकडची भिंत उभी असल्यामुळे तिकडे फारशी जागा मिळत नाही. जवळजवळ सगळी वाढ उजवीकडे होते, जिथे खेचणारे बल कमजोर आहे. त्यामुळे अणू लांब जातात, तिथे रेंगाळतात आणि सावकाश परततात. फेरीचा वेळ वाढतो. खेळातल्या झोक्याचेही असेच होते: थोडासा हलवला तर तो एका लयीत येतो-जातो, पण खूप उंच नेला तर वरच्या टोकाला रेंगाळून फेरीला जास्त वेळ घेतो.

फेरीचा वेळ आणि पातळ्यांमधले अंतर यांची गाठ क्वांटम सिद्धांतच घालून देतो. शेजारच्या दोन पातळ्यांमधल्या ऊर्जेचे अंतर प्लांकच्या स्थिरांकाने भागले, की त्या ऊर्जेच्या आसपास रेणू सेकंदाला किती फेऱ्या घेतो तो आकडा जवळपास मिळतो. हायड्रोजन क्लोराइडच्या पहिल्या अंतराचा, म्हणजे २८८६ चा, हिशेब केला तर एक फेरी सुमारे ११.६ फेम्टोसेकंदांची निघते. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक कोटी कोटीवा भाग, त्याचाही दहावा हिस्सा. चौथ्या आणि पाचव्या पातळीमधल्या २४७३.५ या अंतराप्रमाणे फेरी १३.५ फेम्टोसेकंदांची होते. म्हणजे अंतर आखडणे आणि कंपन मंदावणे ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत. बंध तुटण्याच्या सीमेशी अणू इतके दूर जातात की परत यायला त्यांना अमर्याद वेळ लागेल. फेरीचा वेळ अमर्याद झाला की पातळ्यांमधले अंतर शून्य.

मॉर्सचे सूत्र

१९२९ मध्ये अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ फिलिप मॉर्स यांनी बंधाच्या या वाकड्या आलेखासाठी एक सुटसुटीत सूत्र सुचवले:

V(r) = Dₑ [1 − e^(−a(r − rₑ))]²

यात rₑ हे अणूंमधले समतोलाचे अंतर, Dₑ ही खळग्याची तळापासून काठापर्यंतची खोली, आणि a हा खळगा किती अरुंद आहे ते सांगणारा आकडा. डावीकडची उभी भिंत, तळाजवळचा स्प्रिंगसारखा भाग आणि उजवीकडचे सपाट पठार या तिन्ही गोष्टी या सूत्रात येतात. त्याची मोठी सोय अशी की क्वांटम समीकरण याच्यासाठी नेमके सुटते आणि पातळ्यांची ऊर्जा अवघ्या दोन पदांत मिळते:

G(v) = ωₑ(v + ½) − ωₑxₑ(v + ½)²

इथे v हा पातळीचा क्रमांक: ०, १, २ असा. पहिले पद हूकच्या स्प्रिंगचे, दुसरे अहरात्मकतेचे. या सूत्रावरून लागोपाठची अंतरे काढली, तर प्रत्येक अंतर आधीच्यापेक्षा 2ωₑxₑ इतके, म्हणजे दरवेळी सारखेच, कमी निघते. हायड्रोजन क्लोराइडच्या तक्त्यात दिसलेली १०३ ची घट ती हीच. त्या रेणूच्या तळाकडच्या पातळ्या मॉर्सच्या सूत्राला फार जवळून धरून आहेत.

सूत्रातला ½ ही महत्त्वाचा आहे. सर्वांत खालची पातळी खळग्याच्या तळाशी नसते, थोडी वर असते. रेणू कितीही थंड केला तरी त्याचे कंपन पूर्ण थांबत नाही. ही शून्यबिंदू ऊर्जा हायड्रोजन क्लोराइडसाठी सुमारे १४८० प्रति सेंमी आहे. त्यामुळे बंध तुटण्याच्या ऊर्जेचे दोन आकडे होतात. तळापासून मोजलेली खोली म्हणजे Dₑ. शून्य क्रमांकाच्या पातळीपासून मोजलेली म्हणजे D₀. प्रत्यक्षात रेणू तोडायला लागते ती हीच, आणि विगमन ऊर्जा असे सामान्यतः म्हटले जाते ते तिलाच. दोन्हींत गल्लत झाली, तर उत्तर शून्यबिंदू ऊर्जेइतके चुकते.

अंतरांची बेरीज

शून्य क्रमांकाच्या पातळीपासून बंध तुटण्याच्या काठापर्यंत जायचे तर मधली सगळी अंतरे ओलांडावी लागतात. म्हणून विगमन ऊर्जा म्हणजे सगळ्या अंतरांची बेरीज. अडचण एवढीच की वरच्या पातळ्या बहुधा दिसत नाहीत. मग दिसलेल्या अंतरांचा कल पुढे वाढवून न दिसलेल्यांचा अंदाज घ्यायचा. याला बहिर्वेशन म्हणतात. ही रीत १९२६ मध्ये रेमंड बर्ज आणि हेर्था श्पोनर यांनी एका शोधनिबंधात मांडली. बर्ज बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात होते. श्पोनर जर्मनीतल्या ग्योटिंगेनहून शिष्यवृत्तीवर तिथे आल्या होत्या.

रीत आलेखावर करतात. आडव्या अक्षावर पातळीचा क्रमांक, उभ्या अक्षावर त्या पातळीपासून पुढच्या पातळीपर्यंतचे अंतर. प्रत्येक अंतर म्हणजे एक एकक रुंदीची उभी पट्टी, आणि सगळ्या पट्ट्यांचे मिळून होणारे क्षेत्रफळ म्हणजे विगमन ऊर्जा. बिंदू एका सरळ रेषेत असतील तर ती रेषा आडव्या अक्षाला भिडेपर्यंत खाली वाढवायची. तिच्याखालच्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ हे उत्तर, आणि रेषा जिथे अक्षाला छेदते तो शेवटच्या पातळीचा क्रमांक.

हायड्रोजन क्लोराइडसाठी हे करून पाहता येते. पहिले अंतर २८८६, घट दरवेळी १०३.१. अशी २८ अंतरे धन राहतात. एकोणतिसावे शून्याच्या खाली जाते. या २८ अंतरांची बेरीज सुमारे ४१,८०० प्रति सेंमी होते. रसायनशास्त्राच्या नेहमीच्या एककात ती ५०० किलोज्यूल प्रति मोल. इतर मार्गांनी मोजलेली खरी किंमत मात्र सुमारे ३५,७६० प्रति सेंमी, म्हणजे ४२८ किलोज्यूल प्रति मोल आहे. अंदाज सतरा टक्क्यांनी जास्त निघाला. या रेणूला बंध शाबूत ठेवून राहता येईल अशा पातळ्याही प्रत्यक्षात वीसेकच आहेत. रेषेने त्या २९ सांगितल्या.

अंतरे काळजीपूर्वक मोजलेली असूनही उत्तर असे का चुकते? तक्त्यातली पाचवी पातळी १३,४०० च्या आसपास आहे, म्हणजे काठापर्यंतच्या उंचीच्या चार दशांशांहूनही खाली. एवढ्या खालच्या पातळ्यांना बंधाच्या आलेखाचा तळाकडचा भागच ठाऊक असतो. उरलेल्या सहा दशांशांत बंध कसा सैल होतो हे त्या सांगू शकत नाहीत. तिथे मॉर्सचे सूत्र चालेल हे केवळ गृहीतक आहे. खरा आलेख मधल्या पट्ट्यात मॉर्सच्या वक्रापेक्षा लवकर पठाराकडे वळतो. त्यामुळे तिथली अंतरे रेषेने सांगितल्यापेक्षा वेगाने आखडतात आणि बिंदू रेषेच्या खाली घसरतात. बहुतेक रेणूंच्या मूळ अवस्थेत चूक याच दिशेने होते. वर्णपटशास्त्रज्ञ ए. जी. गेडन यांनी अनेक रेणूंचे आकडे तपासून, सरळ रेषेचा अंदाज सरासरीने सुमारे वीस टक्क्यांनी जास्त येतो असा निष्कर्ष काढला होता.

यावर उपाय एकच: काठाच्या जितके जवळ जाता येईल तितके जाऊन पातळ्या मोजायच्या. अवरक्त अधिस्वरांनी ते साधत नाही, कारण प्रत्येक पुढचा अधिस्वर इतका फिका होतो की लवकरच तो दिसेनासा होतो. आयोडीनच्या वाफेत मात्र दुसरी वाट उघडी आहे.

आयोडीनची वाफ

आयोडीनचे स्फटिक किंचित तापवले की जांभळी वाफ निघते. ती जांभळी दिसते याचे कारण ती प्रकाशातला हिरवा-पिवळा भाग शोषून घेते. साधारण ५०० ते ६२० नॅनोमीटरच्या पट्ट्यातले हे शोषण वर्णपटमापकात पाहिले, तर त्यात एकामागे एक अशा बारीक पट्टांची लांबलचक रांग दिसते. इथे रेणू नुसता कंप पावत नाही; त्याचा एक इलेक्ट्रॉन वरच्या अवस्थेत जातो आणि त्याच वेळी कंपनाची पातळीही बदलते. एकाच खालच्या पातळीतून निघून उत्तेजित अवस्थेच्या वेगवेगळ्या कंपन-पातळ्यांवर पोहोचणाऱ्या या उड्या आहेत. म्हणून शेजारच्या दोन पट्टांमधले अंतर म्हणजे उत्तेजित अवस्थेच्या दोन पातळ्यांमधले अंतर.

या उड्या इतक्या उंच पातळ्यांपर्यंत का पोहोचतात, हे अणूंच्या अंतरावरून समजते. मूळ अवस्थेत आयोडीनच्या दोन अणूंमधले अंतर २.६७ आंगस्ट्रॉम असते, तर उत्तेजित अवस्थेचा समतोल ३.०२ आंगस्ट्रॉमला असतो. इलेक्ट्रॉनची उडी इतकी झटकन होते की जड केंद्रकांना जागा बदलायला सवडच मिळत नाही. उडी संपते तेव्हा रेणू नव्या अवस्थेच्या मानाने फार दाबलेला असतो, म्हणून तो जोरात कंप पावू लागतो. अर्थात तळाच्या पातळ्यांवर जाणाऱ्या उड्या फार दुर्मिळ होतात आणि वरच्या पातळ्या ठळक दिसतात.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत विद्यार्थी ज्या खुणेने सुरुवात करतात ते तीन पट्ट ५४१.२, ५३९.० आणि ५३६.९ नॅनोमीटरवर आहेत. ते उत्तेजित अवस्थेच्या २७, २८ आणि २९ या पातळ्यांचे. तरंगांकात ते अनुक्रमे १८,४७७, १८,५५३ आणि १८,६२५ येतात. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत १४८, म्हणजे २८ व्या पातळीच्या आसपास सरासरी अंतर ७४. याच अवस्थेच्या तळाशी, शून्य आणि एक या पातळ्यांमध्ये, अंतर १२४ असते. अंतर निम्म्याकडे झुकले आहे आणि काठ अजून बराच पुढे आहे.

सरळ रेषेची रीत इथे दोन प्रकारे वापरून पाहण्यासारखी आहे. केवळ तळाच्या पातळ्या घेतल्या, तर दर पायरीला घट १.५३ आहे, आणि रेषा खळग्याची खोली सुमारे ५१७० सांगते. तळाचा बिंदू २८ व्या पातळीच्या बिंदूला जोडला, तर सरासरी घट १.८२ निघते, ही रेषा ६९ व्या पातळीजवळ अक्षाला भिडते आणि खोली सुमारे ४३५० देते. खरी खोली ४३८१ आहे. पहिला अंदाज अठरा टक्क्यांनी जास्त, दुसरा एक टक्क्याच्या आत.

दुसऱ्या अंदाजाचे यश मात्र थोडे फसवे आहे. मधल्या पट्ट्यात बिंदू रेषेच्या खाली वाकतात हे आपण पाहिले. पण काठाच्या अगदी जवळ त्यांचा कल उलटतो: घट मंदावते आणि बिंदूंची एक लांब, बारीक शेपटी अक्षाला लगटून पुढे जाते. आयोडीनच्या या अवस्थेत पातळ्या ६९ वर न संपता ८७ पर्यंत जातात. रेषेने एका बाजूला जास्त मोजलेले आणि शेपटीत कमी मोजलेले क्षेत्रफळ इथे एकमेकांना जवळपास छेद देते. दुसऱ्या एखाद्या रेणूत अशी जुळणी होईलच असे नाही.

पातळ्यांमधल्या अंतराचा फेरीच्या वेळेशी असलेला संबंध याच अवस्थेत थेट मोजला गेला आहे. अहमद झेवेल यांच्या गटाने ६२० नॅनोमीटरच्या अतिशय आखूड प्रकाशस्पंदांनी आयोडीनचे रेणू या अवस्थेत नेले, तेव्हा त्यांचे कंपन सुमारे ३०० फेम्टोसेकंदांच्या फेरीने चाललेले दिसले. तेवढ्या ऊर्जेजवळ वर्णपटातले अंतर ११० प्रति सेंमीच्या आसपास आहे, आणि त्यावरून काढलेली फेरी ३०३ फेम्टोसेकंदांची.

काठापासून बंधापर्यंत

आयोडीनच्या पट्टांची रांग ४९९ नॅनोमीटरजवळ दाट होत होत संपते आणि तिथून पुढे सलग शोषण सुरू होते. ही अभिसरण सीमा, तरंगांकात २०,०४३. तिच्यापलीकडे रेणूला इतकी ऊर्जा मिळते की तो तुटतो आणि जास्तीची ऊर्जा सुट्या अणूंच्या वेगात जाते. म्हणून तिथे पातळ्यांचे बंधन उरत नाही.

आता २०,०४३ हीच आयोडीनची विगमन ऊर्जा असे मानले, तर बंध २४० किलोज्यूल प्रति मोल इतका मजबूत ठरेल, आणि ते साफ चूक ठरेल. या उत्तेजित अवस्थेतला रेणू तुटतो तेव्हा दोन अणूंपैकी एकच अणू सर्वांत खालच्या अवस्थेत असतो. दुसरा इलेक्ट्रॉनिक दृष्ट्या उत्तेजित असतो. त्या अणूची जास्तीची ऊर्जा, ७६०३ प्रति सेंमी, अणूच्या स्वतःच्या वर्णपटावरून नेमकी माहीत आहे. ती वजा केली की १२,४४० उरतात. म्हणजे १४८.८ किलोज्यूल प्रति मोल, आणि हीच आयोडीनच्या मूळ अवस्थेची D₀. सुटणारे अणू कोणत्या अवस्थेत आहेत हे न ठरवता बहिर्वेशन केले, तर वर्णपट कितीही अचूक मोजला तरी उत्तर अर्थहीन असते.

मोजणीत आणखी दोन ठिकाणी घसरायला होते. पहिले, गरम पट्ट. हायड्रोजन क्लोराइडची पहिली कंपन-पातळी इतकी उंच आहे की खोलीच्या तापमानाला दहा लाख रेणूंत एखाददुसराच तिच्यावर असतो. आयोडीनची पहिली पातळी मात्र फक्त २१३ प्रति सेंमी उंचीवर आहे. खोलीच्या तापमानाला जवळपास चौथा हिस्सा रेणू तिच्यावर असतात आणि आणखी काही तिच्याही वर. त्यांचे पट्ट मुख्य रांगेत मिसळतात, आणि एखादा चुकून मुख्य रांगेत धरला की अंतरांचा क्रम विस्कटतो. ओळखायची खूण सोपी: वाफ तापवली की हे पट्ट मुख्य रांगेच्या मानाने ठळक होतात.

दुसरे, पातळ्यांचे क्रमांक. तळाच्या पातळ्यांचे पट्ट फार फिके असल्यामुळे रांगेची सुरुवात नेमकी कुठे आहे हे ठरवणे कठीण जाते. आयोडीनच्या या अवस्थेचे जुने क्रमांक १९६५ मध्ये दुरुस्त करावे लागले. क्रमांक एकाने सरकले तरी अभिसरण सीमा हलत नाही, कारण सगळे बिंदू एकत्र आडवे सरकतात आणि रेषेखालचे उरलेले क्षेत्रफळ तेच राहते. पण उत्तेजित अवस्थेच्या खळग्याची खोली एका अंतराने, म्हणजे सुमारे १२५ ने, बदलते.

शेपटीचा नियम

काठाजवळची ती लांब शेपटी अनेक वर्षे केवळ नजरेने वाकवून काढली जात होती. १९७० मध्ये रॉबर्ट लेरॉय आणि रिचर्ड बर्नस्टाइन यांनी तिचे कारण आणि तिचा नियम दोन्ही दिले. काठाशी पोहोचलेल्या रेणूत अणू जवळजवळ सगळा वेळ एकमेकांपासून फार दूर असतात. खळग्याच्या आतला गुंतागुंतीचा भाग ते क्षणार्धात ओलांडतात. त्यामुळे तिथल्या पातळ्यांची अंतरे ठरतात ती केवळ दूर असलेल्या दोन अणूंमधल्या हलक्या आकर्षणावरून. हे आकर्षण अणूंमधल्या अंतराच्या ठरावीक घातानुसार कमी होते, आणि तो घात कोणता हे सुटणाऱ्या अणूंच्या अवस्थांवरून आधीच सांगता येते.

आयोडीनच्या या अवस्थेत तो घात पाच आहे. त्यावरून असे निघते की काठाजवळचे अंतर हे शेवटच्या क्रमांकापासून किती पातळ्या उरल्या त्या आकड्याच्या ७/३ घाताच्या प्रमाणात असते. म्हणून नुसते अंतर न मांडता अंतराचा ३/७ घात उभ्या अक्षावर मांडला, की शेपटी सरळ रेषा होते, आणि ती रेषा खऱ्या शेवटच्या क्रमांकाला भिडते. ज्या अणूंमध्ये आकर्षण सहाव्या घाताने कमी होते तिथे अंतराचे वर्गमूळ मांडायचे. मॉर्सच्या सूत्राला अशी शेपटीच नसते. त्याचे बल त्याहून फार झपाट्याने विरते. म्हणून तळाकडे अचूक ठरणारे तेच सूत्र काठाकडे आंधळे होते.

या नियमालाही मर्यादा आहे. तो शेवटच्या काही पातळ्यांनाच लागू पडतो. मधल्या पातळ्यांवर तो लादला तर बिंदू पुन्हा रेषेवरून सरकतात, आणि तीच तो नियम जिथे लागू नाही तिथे वापरल्याची खूण.

बहिर्वेशनाने मिळालेल्या आकड्यावर किती विसंबायचे, हे शेवटी दोन गोष्टींवरून ठरते. काठापर्यंतच्या उंचीचा किती भाग प्रत्यक्ष मोजला आणि किती रेषेने भरला, ही पहिली. दुसऱ्या स्वतंत्र मार्गाने आलेल्या उत्तराशी तो जुळतो का, ही दुसरी. उष्णतेच्या मोजमापांवरून काढलेली आयोडीनच्या बंधाची ऊर्जा २५ अंश सेल्सिअसला सुमारे १५१ किलोज्यूल प्रति मोल येते. वर्णपटाचा १४८.८ हा आकडा निरपेक्ष शून्य तापमानाचा आहे. त्या तापमानापासून खोलीच्या तापमानापर्यंत रेणू आणि सुटे अणू किती उष्णता घेतात याचा फरक धरला, की दोन्ही आकडे एकमेकांशी जुळतात.